निवडणुकीसाठी रजा मागताना

11 डिसेंबर 2020 ला राज्य निवडणूक आयोगाने 14,234 ग्रामपंचायतींचा कार्यक्रम जाहीर केला, तेव्हा मी दुसऱ्या पाळीत होते. पुणे-नगर रस्त्यावरच्या एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी क्वालिटीत काम करते. फ्लोअरवर मोबाइल चालत नाही, तो लॉकरमध्ये असतो. रात्री साडेअकराला लॉकर उघडला तर गावच्या ग्रुपवर तारखाच तारखा. आमच्या वॉर्डातल्या तीन जागांपैकी एक सर्वसाधारण स्त्रीसाठी होती आणि त्या जागेवर मी उभं राहावं, हे घरात दिवाळीपासून चाललं होतं. पाण्याच्या टाकीचं काम चार वर्षं अर्धवट पडलेलं, त्यासाठी मी ग्रामसभेत तीनदा उठून बोलले होते. त्यामुळे उभं राहायचं हे मनात पक्कं होतं. कंपनीत रजा कशी मागायची याचा मात्र कुणीच विचार केला नव्हता, मीही नाही.

कार्यक्रम असा होता. अर्ज भरायचे 23 ते 30 डिसेंबर, पण मध्ये 25, 26, 27 सुट्टीचे दिवस. छाननी 31 डिसेंबरला. माघार 4 जानेवारीला दुपारी तीनपर्यंत आणि त्यानंतर लगेच चिन्हवाटप. मतदान 15 जानेवारीला, मोजणी 18 ला. म्हणजे खऱ्या प्रचाराला 5 जानेवारीपासून जेमतेम नऊ दिवस. आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. मी कॅलेंडर घेऊन बसले, तेव्हा पहिलं समाधान हे, की छाननीचा 31 तारखेचा दिवस गुरुवारी पडत होता आणि 24 तारीखही गुरुवारच होती. ते दोन दिवस रजेत जाणार नव्हते.

रजा मागायची म्हटल्यावर ज्याने त्याने आपापला सल्ला दिला. जाऊबाई म्हणाल्या, घरगुती कारण लिही, बाईमाणसाला कोण खोदून विचारतंय. शेजारच्या काकांनी सांगितलं, ईएसआयच्या डॉक्टरकडून आठ दिवसांचं सर्टिफिकेट घे, पगारही मिळेल. मी दोन्ही नाकारलं, आणि ते फक्त तत्त्वासाठी नाही. उमेदवारांची यादी कार्यालयाच्या फलकावर लागते, फ्लेक्सवर फोटो येतो आणि आमच्या पंचक्रोशीतले तीस-चाळीस जण त्याच एमआयडीसीत कामाला जातात. आजारपणाची रजा टाकून मी प्रचारात दिसले असते, तर प्रश्न निवडणुकीचा उरलाच नसता. आमच्या स्थायी आदेशांत रजेसाठी खोटं कारण देणं हे गैरवर्तनात मोडतं आणि त्यावर चौकशी बसते. आजारपणाचा खोटा दाखला म्हणजे तर फसवणूकच. खरं कारण लिहिलं, तर फार तर रजा नाकारली जाईल. खोटं लिहिलं आणि उघड झालं, तर नोकरीच धोक्यात येईल.

मग आधी हे पाहिलं, की माझा हक्क नेमका कशावर आहे. खासगी कारखान्यातल्या कामगाराला निवडणूक लढवायला वेगळी रजा कायद्याने दिलेली नाही. सरकारी नोकरांना तर उभं राहता येतच नाही. माझा धाकटा दीर सरकारी कार्यालयात लिपिक आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 मुळे तो उमेदवारी तर सोडाच, माझा प्रचारही करू शकत नव्हता. त्याला आम्ही पहिल्या दिवसापासून यातून पूर्ण बाहेर ठेवलं. साध्या बैठकीतही बसू दिलं नाही, फोटोत येऊ दिलं नाही. मी खासगी नोकरीतली, त्यामुळे मला उभं राहायला आडकाठी नव्हती. फक्त नेमणूकपत्रात एक ओळ होती, की नोकरीव्यतिरिक्त कोणतंही पद घेण्याआधी कंपनीला लेखी कळवावं. ती ओळ मी सहा वर्षांत पहिल्यांदाच नीट वाचली.

हक्काची होती ती अर्जित रजा, ज्याला आम्ही ईएल म्हणतो. तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियमाच्या कलम 79 नुसार वर्षात 240 दिवस काम भरलं, की दर 20 दिवसांमागे एक दिवस पगारी रजा पुढच्या वर्षासाठी मिळायची. शिल्लक राहिली तर 30 दिवसांपर्यंत पुढे जायची. टाइम ऑफिसच्या भाऊंनी संगणकावर पाहून सांगितलं, ताई, तुमचे 13 शिल्लक आहेत. टाळेबंदीतले काही दिवस कंपनीने रजेत धरले होते, नाहीतर जास्त असते. याच कलमात दोन गोष्टी होत्या ज्यांनी माझं सगळं गणित ठरवलं. एक, रजेच्या मध्ये किंवा टोकाला येणारी सुट्टी रजेत मोजत नसत. दुसरी, ही रजा सुरू होण्याच्या किमान 15 दिवस आधी लेखी अर्ज द्यावा लागायचा.

पंधरा दिवसांची ही अटच खरी अडचणीची होती. कार्यक्रम जाहीर होण्यापासून अर्ज भरायला सुरुवात होईपर्यंत 12 च दिवस होते. म्हणजे अर्ज भरण्याच्या दिवसांसाठी ईएल मुदतीत मागणं शक्यच नव्हतं. प्रचारासाठी मात्र होतं. 5 जानेवारीपासून रजा हवी तर 20 डिसेंबरच्या आत अर्ज आत गेला पाहिजे. पण तोवर मी उमेदवार झालेलीच नसणार, कारण उमेदवारी अर्ज 23 पासून भरायचा. बहुतेकजण इथेच चुकतात. चिन्ह हातात आलं, की रजा मागू, असं म्हणत थांबतात. चिन्ह मिळतं 4 जानेवारीच्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या पाळीला नाव लागलेलं असतं. मग तोंडी सांगून जातात, हजेरीवर गैरहजेरी पडते आणि ती सलग दहा दिवसांच्या पुढे गेली, की घरी नोटीस येते. हे मी आमच्याच कारखान्यात 2015 च्या निवडणुकीनंतर घडल्याचं ऐकलं होतं.

म्हणून मी रजेचे तुकडे केले. 28 आणि 29 डिसेंबरला किरकोळ रजा. वर्ष संपताना माझ्या सीएल तशाही वाया जाणार होत्या. 4 जानेवारीला अर्धा दिवस. 5 ते 18 जानेवारी ईएल, आणि ती अटीवर मागायची: मी उमेदवार राहिले नाही तर रजा रद्द. 5 ते 18 हे चौदा दिवस. त्यातले 7 आणि 14 हे दोन गुरुवार काढले, की बारा. शिल्लक तेरा. एक दिवस हातचा राहत होता.

आता मजकूर. पहिला अर्ज मी 14 तारखेला रात्री बसून लिहिला, दीड पान भरलं. त्यात पाण्याची टाकी होती, गावात चाललेली मनमानी होती, महिलांना कुणी विचारत नाही हे होतं आणि शेवटी, कंपनीने माझ्यासारख्या कष्टकरी महिलेच्या पाठीशी उभं राहावं, अशी विनंती होती. प्रत्येक शब्द मनापासूनचा होता. दुसऱ्या दिवशी तो आमच्या एचआरच्या मॅडमना दाखवला. आवक-जावकला टाकण्याआधी नुसतं बघा म्हटलं. त्यांनी शांतपणे पूर्ण वाचला आणि पेन्सिल घेतली.

"ताई, मनमानी कोण करतंय?"

मी सांगितलं, आताच्या गटाचे लोक.

"त्या गटातलं आपल्या कंपनीत कुणी आहे?"

होतं. स्टोअर्समधल्या एका भाऊंची सख्खी वहिनी माझ्यासमोरच उभी राहणार होती.

"मग उद्या त्यांनीही रजा मागितली, तर मी हा अर्ज मंजूर केला म्हणजे कंपनीनं तुमची बाजू घेतली, असं ते म्हणतील. नामंजूर केला, तर तुम्ही म्हणाल त्यांची घेतली. हा कागद तुमच्या फाइलला कायम राहणार आहे. यावर मला फक्त रजा द्यायची की नाही, एवढंच ठरवता आलं पाहिजे."

हे ऐकून माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी तोवर अर्ज मतदाराला उद्देशून लिहीत होते. कंपनी माझी मतदार नाही. तिला टाकीचं काम समजायची गरज नाही, आणि ते समजलं तर उलट तिची अडचण होते. तिला एवढंच कळायला हवं, की कुठली निवडणूक, कुठले दिवस, किती रजा, माझं काम कोण बघणार, आणि कंपनीचं नाव या सगळ्यापासून दूर कसं राहील.

मॅडमनी तीन प्रश्न विचारले आणि ते कुणीही आधीच तयार ठेवावेत असे आहेत. पहिला, कारखाना तुमच्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहे का. नव्हता, गाव 22 किलोमीटरवर. हद्दीत असता, तर बांधकाम परवाना, ना-हरकत, करआकारणी असे कंपनीचे विषय माझ्यासमोर सभेत आले असते आणि मग हितसंबंधाचा प्रश्न रजेपेक्षा मोठा झाला असता. दुसरा, कंपनीचा गावाशी काही व्यवहार आहे का, म्हणजे पाण्याचे टँकर, कामगार ठेकेदार, सामाजिक दायित्वाचा निधी. आमच्या कंपनीने शेजारच्या गावात शाळेच्या खोल्या बांधल्या होत्या, आमच्या गावात काही नव्हतं. तिसरा प्रश्न, कुठल्या पक्षाकडून. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही, आयोगाच्या मुक्त चिन्हांमधून चिन्ह मिळतं. गावात पॅनेलं असतात आणि त्यांच्यामागे कोण आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण कागदावर उमेदवार एकटाच असतो. म्हणून अर्जात पक्ष, पॅनेल, नेता यातलं काहीही लिहायचं नाही. त्याने मी काही लपवत नव्हते, कायद्याच्या नजरेत माझी उमेदवारी खरंच वैयक्तिक होती.

एक बारीक अडचण नावाची होती. कंपनीच्या दप्तरी माझं माहेरचं आडनाव, कारण डिप्लोमाची प्रमाणपत्रं तशी आहेत. मतदार यादीत सासरचं. उद्या मी कंपनीला उमेदवारांची यादी पुरावा म्हणून दिली, तर त्यात माझं नावच सापडलं नसतं. त्यामुळे अर्जातच दोन्ही नावं लिहिली.

18 डिसेंबरला जो अर्ज गेला, तो असा. नावं तेवढी वगळते.

"प्रति, व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग. विभागप्रमुख, गुणवत्ता विभाग यांच्यामार्फत.

विषय : दि. 5 ते 18 जानेवारी 2021 या काळात अर्जित रजा मिळण्याबाबत.

महोदय, राज्य निवडणूक आयोगाने दि. 11 डिसेंबर 2020 रोजी जाहीर केलेल्या कार्यक्रमानुसार माझ्या राहत्या गावच्या ग्रामपंचायतीची सार्वत्रिक निवडणूक दि. 15 जानेवारी 2021 रोजी होत आहे. या निवडणुकीत सदस्यपदासाठी मी वैयक्तिक पातळीवर उमेदवारी अर्ज दाखल करणार आहे. मतदार यादीत माझे नाव विवाहानंतरच्या आडनावाने असून ते खाली नमूद केले आहे.

या कारणास्तव दि. 5 ते 18 जानेवारी 2021 या काळात, दि. 7 व 14 जानेवारीच्या साप्ताहिक सुट्ट्या वगळून, एकूण 12 दिवसांची अर्जित रजा मंजूर व्हावी. माझ्या खात्यावर 13 दिवस शिल्लक आहेत. माघारीची मुदत दि. 4 जानेवारी रोजी दुपारी तीन वाजता संपते. त्यानंतर मी उमेदवार नसल्यास ही रजा रद्द समजावी. तसे मी त्याच दिवशी कळवीन व दि. 5 जानेवारी रोजी कामावर हजर होईन.

रजेच्या काळात माझ्याकडील तपासणीचे काम खाली सही केलेले सहकारी पाहतील. रजेच्या काळात किंवा कामाच्या वेळेत कंपनीचे नाव, गणवेश, ओळखपत्र, वाहन वा साधने यांचा निवडणुकीसाठी वापर करणार नाही, तसेच कंपनीच्या आवारात प्रचार करणार नाही. निवडून आल्यास तसे लेखी कळवून पुढील सभांच्या रजेबाबत स्वतंत्र अर्ज करीन."

एवढंच. दीड पानाचं अर्धं पान झालं. अर्जावर सहकारी मुलीची सही आधीच घेतली होती. तिला माझ्या दोन गेजेस कशा लावायच्या आणि नोंदवही कशी भरायची, हे दोन दिवस दाखवलं होतं. आमच्या विभागप्रमुखांनी अर्ज वाचण्याआधी तिची सही पाहिली, हे मला आजही आठवतं. त्यांची काळजी निवडणुकीची नव्हतीच, लाइन अडू नये एवढीच होती. अर्जाची ओसी, म्हणजे माझ्याकडे राहणारी प्रत, मी आवकचा शिक्का मारून घेतली, तारखेसह. ती पंधरा दिवसांची अट मी पाळली, याचा तो एकच पुरावा होता.

मंजुरी पूर्ण मिळाली नाही. 18 जानेवारीला एका मोठ्या ग्राहकाचं ऑडिट होतं आणि माझ्या मशीनच्या नोंदी त्यात तपासल्या जाणार होत्या. 5 ते 16 मंजूर, 17 आणि 18 नामंजूर, म्हणजे बारातले दहा दिवस. मला वाईट वाटलं, कारण मोजणीला आपण तिथे नसणार ही कल्पना सहन होत नव्हती. मग नियम पाहिले. मोजणीच्या ठिकाणी उमेदवाराने स्वतः असलंच पाहिजे असं नाही, मोजणी प्रतिनिधी नेमता येतो. मिस्टरांचं नाव दिलं. त्या दोन दिवसांसाठी मी वाद घातला नाही, आणि ते बरोबरच झालं असं मला आजही वाटतं. मतदानाचा आणि प्रचाराचा एकही दिवस गेला नव्हता.

उमेदवारी अर्जाचं वेगळंच झालं. अर्ज आणि शपथपत्र संगणकावर भरून, प्रिंट काढून, सही करून तहसीलला द्यायचं होतं. शेवटच्या दोन दिवसांत सगळ्या जिल्ह्यात एकच गर्दी आणि सर्व्हर हलेना. 28 तारखेला मी महा ई-सेवा केंद्रात सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत बसले, फॉर्म शेवटच्या पानावर जाऊन अडकायचा. 29 ला पुन्हा तेच. दोन्ही सीएल तिथेच संपल्या. संध्याकाळी बातमी आली, की 30 तारखेला कागदी अर्ज चालतील आणि वेळही साडेपाचपर्यंत वाढवली आहे. पण 30 तारखेला माझी रजाच नव्हती. तो एक हातचा ईएलचा दिवस होता, पण पंधरा दिवस आधीची अट कशी पाळणार? मी सुपरवायझर सरांना रात्री फोन केला, खरं काय ते सांगितलं आणि त्यांनी माझी पाळी बदलून दिली. सकाळी अर्ज, दुपारी साडेतीनला गेटवर हजर. कारण आधीच लिहून दिलेलं होतं, म्हणून हा फोन दोन मिनिटांत संपला. घरगुती कारण सांगितलं असतं, तर रात्री नऊ वाजता काय बोलले असते मी?

कागदपत्रांत वेळ खाणारे दोन. ग्रामपंचायतीची थकबाकी नसल्याचा दाखला आणि निवडणूक खर्चासाठी बँकेतलं स्वतंत्र खातं. ही दोन्ही कामं मी 24 च्या गुरुवारी उरकली होती, म्हणून निभावलं. पगाराच्या खात्यातून निवडणुकीचा एक रुपयाही करायचा नाही, हेही तेव्हाच ठरवलं. त्याने खर्चाचा हिशेब स्वच्छ राहतो आणि कंपनीकडून येणारा पगार निवडणुकीच्या कागदांत दिसत नाही.

4 जानेवारीला अर्धा दिवस भरून तहसीलला गेले. समोरच्या बाजूने बिनविरोधची बोलणी चालली होती, माझ्याही घरी दोन माणसं येऊन गेली होती. मी माघार घेतली नाही. चिन्ह मिळालं शिट्टी. बाहेर येऊन पहिला संदेश मॅडमना पाठवला: "उमेदवारी कायम. मंजूर रजेप्रमाणे उद्यापासून रजेवर." अर्जात जे लिहिलं होतं, ते त्याच दिवशी पाळलं.

चूक झाली ती 8 तारखेला. आमच्या वॉर्डातल्या एका उत्साही पोराने माझ्या फोटोचं बॅनर बनवून ग्रुपवर टाकलं. नावाखाली पिवळ्या अक्षरांत, "अमुक कंपनीतील उच्चपदस्थ अधिकारी". फोटोही कुठला, तर कंपनीच्या वार्षिक सुरक्षा दिनाचा, छातीवर कंपनीचं बोधचिन्ह असलेल्या जॅकेटमधला. मी अधिकारी नाही, तपासनीस आहे, आणि कंपनीचं नाव न वापरण्याचं लेखी देऊन आलेली. दुपारी ते माझ्या हाती येईपर्यंत पाच-सहा ग्रुपवर फिरलं होतं, आणि स्टोअर्सच्या भाऊंपर्यंतही गेलेलं असणार. मी त्या पोराला रागावले नाही, त्याने प्रेमानेच केलं होतं. पण त्याच्याकडून प्रत्येक ग्रुपवरून ते काढून घेतलं, साडीतल्या साध्या फोटोचं नवीन टाकायला लावलं आणि संध्याकाळी मॅडमना ईमेल केला. चार ओळी: काय घडलं, कुणी केलं ते नाव न घेता, माझ्या संमतीशिवाय होतं, किती वाजता काढलं, सोबत नवीन मजकूर. मॅडमचं उत्तर एका ओळीचं आलं, नोंद घेतली. नंतर कळलं, की त्याच रात्री जुन्या बॅनरचा फोटो कुणीतरी कंपनीत पाठवला होता. पण माझा ईमेल त्याच्या तीन तास आधीचा होता.

प्रचाराचं फार सांगत नाही, तो सगळीकडे सारखाच असतो: दारोदारी, पायात गोळे येईपर्यंत. एकच सांगण्यासारखं. 14 तारखेला संक्रांत होती, मतदानाचा आदला दिवस. एरवी मी घरी हळदीकुंकू करते. त्या वर्षी केलं नाही, वाण तर नाहीच. मतदानाच्या आदल्या दिवशी उमेदवाराने बायकांच्या हातात वस्तू ठेवणं, ती चहाची गाळणी असली तरी, मला योग्य वाटलं नाही. सासूबाई नाराज झाल्या, पण ऐकलं त्यांनी.

17 तारखेला पहाटे बसला उभी राहिले. गेटवर ताप तपासला, मॅडमच्या सांगण्यावरून अँटिजेन चाचणी करून आले होते, त्याचा कागद दाखवला. तो कोरोनाचा काळ होता आणि मी दहा दिवस गर्दीत फिरलेली, त्यांची काळजी रास्तच होती. 18 तारखेला ऑडिट सुरू झालं ते साडेनऊला. ग्राहकाचा माणूस माझ्याच टेबलावर, एकेक नोंद वाचतोय, कॅलिब्रेशनचे स्टिकर बघतोय. मोबाइल लॉकरमध्ये. तहसीलला माझा वॉर्ड कितव्या फेरीत आहे, तेही मला माहीत नव्हतं. हातातला व्हर्निअर थरथरू नये म्हणून मी कोपर टेबलाला टेकवून मोजत होते.

जेवणाच्या सुट्टीत लॉकर उघडला. मिस्टरांचे सात मिस्ड कॉल आणि एक संदेश. 19 मतांनी गेली होती जागा. समोरच्या वहिनी निवडून आल्या होत्या.

मी तोंड धुतलं आणि कँटीनला गेले. स्टोअर्सचे भाऊ ताट घेऊन उभेच होते, त्यांनाही कळलं होतं. त्यांनीही प्रचारासाठी चार दिवसांची ईएल घेतली होती. मॅडमनी त्यांना माझ्यासारखाच मजकूर लिहायला लावला होता, हे त्यांनीच मला तेव्हा सांगितलं. त्यांच्या अर्जात फक्त "उमेदवारी" ऐवजी "कुटुंबातील सदस्याच्या उमेदवारीनिमित्त" होतं. माझ्या अर्जात त्यांच्या घराबद्दल एक शब्द नव्हता, त्यांच्या अर्जात माझ्याबद्दल नव्हता. आम्ही एकाच टेबलावर जेवलो. मी म्हटलं, वहिनींना सांगा, टाकीचं काम मार्चच्या आत सुरू करा, मी ग्रामसभेला येणार आहे. ते म्हणाले, सांगतो ताई.

हरलेल्याचंही एक काम उरतं आणि ते पुष्कळजण विसरतात. निकालापासून 30 दिवसांच्या आत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. तो दिला नाही तर पाच वर्षांसाठी अपात्र ठरवलं जाऊ शकतं, मग माणूस जिंकलेला असो की हरलेला. आमची नऊ सदस्यांची ग्रामपंचायत, त्यामुळे तेव्हा खर्चाची मर्यादा 25 हजार होती. माझा एकूण खर्च 14,260 रुपये झाला होता. 11 फेब्रुवारीच्या गुरुवारी, म्हणजे सुट्टीच्याच दिवशी, बिलं आणि बँकेचं पासबुक घेऊन तहसीलला गेले, हिशेब दिला आणि पोच घेतली. घरी येऊन ती पोच रजेच्या अर्जाच्या ओसीला टाचली. ईएलचे तीन दिवस अजून शिल्लक होते, त्यातला एक मी ग्रामसभेसाठी ठेवला.